राइट्स इश्यूनंतर भाव उतरला म्हणजे पैसे गेले का?

प्रश्न : «माझ्याकडे एका कंपनीचे 400 शेअर आहेत. कंपनीने 4 शेअरमागे 1 असा 160 रुपयांना राइट्स इश्यू काढला. आदल्या दिवशी बंद भाव 240 होता, एक्स-राइट्सच्या दिवशी 219 झाला. अ‍ॅपमध्ये एका दिवसात 8,400 रुपयांचा तोटा दिसतो. आमचेच पैसे काढून आम्हालाच स्वस्तात शेअर दिल्यासारखे हे झाले. भरायला 16,000 रुपये सध्या हाताशी नाहीत. काहीच केले नाही तर चालेल का?» — एक वाचक, मिरज

नमस्कार. राइट्स इश्यू म्हणजे कंपनीने जुन्या भागधारकांनाच ठरलेल्या भावाने नवे शेअर देऊ करणे, आणि एक्स-राइट्सचा दिवस म्हणजे ज्या दिवसापासून शेअर घेणाऱ्याला तो हक्क मिळत नाही. आपल्या प्रश्नात दोन वेगळे प्रश्न मिसळलेले आहेत आणि ते वेगळे केल्याशिवाय उत्तर देता येत नाही. पहिला प्रश्न असा की, 21 रुपयांच्या या घसरणीत खरा तोटा किती आणि नुसता हिशेबातला बदल किती. दुसरा असा की, आजपासून इश्यू बंद होईपर्यंत आपण काय केले किंवा केले नाही, तर त्यात आणखी किती जाईल. पहिल्यातले जे झाले ते झाले, दुसरे मात्र अजून पूर्णपणे आपल्या हातात आहे. सांगलीत गुंतवणूक आणि कराचे काम करताना मी पाहतो की, लोक पहिल्या आकड्याने घाबरतात आणि दुसऱ्याकडे त्यांचे लक्षच जात नाही. वास्तविक टाळता येण्यासारखे नुकसान त्या दुसऱ्या भागातच असते.

प्रथम सैद्धांतिक एक्स-राइट्स भाव काढू. आदल्या दिवसापर्यंत ज्याच्याकडे शेअर होता, त्याला नव्या शेअरचा हक्कही मिळणार होता, म्हणजे 240 रुपयांच्या भावात शेअर आणि हक्क ही दोन्ही होती. चार जुन्या शेअरची किंमत 960 रुपये. त्यात एका नव्या शेअरचे 160 रुपये मिळवले की पाच शेअरमागे 1,120 रुपये होतात, आणि पाचाने भागल्यावर एका शेअरला 224 रुपये येतात. मार्केट यार्डातला हळदीचा व्यापारी चढ्या दराची चार पोती आणि उतरत्या दराचे एक पोते एकत्र केल्यावर ढिगाचा जो सरासरी दर धरतो, तसाच हा भारित सरासरी दर आहे. यात अंदाज किंवा भाकीत काही नाही. बाजाराचे मत अजिबात बदलले नाही, तरीही भाव 240 वरून 224 वर यायलाच हवा होता.

मग उरलेले 16 रुपये कुठे गेले? ते शेअरमधून निघून आपल्याच डिमॅट खात्यात दुसऱ्या नावाने जमा झाले. त्यांना राइट्स एंटायटलमेंट म्हणतात, बाजारात सगळे त्याला नुसते आरई म्हणतात. आपल्याला 400 शेअरमागे 100 आरई मिळाल्या आहेत. एक आरई म्हणजे 224 रुपयांची वस्तू 160 रुपयांना घेण्याचा हक्क, म्हणून तिची सैद्धांतिक किंमत 64 रुपये. शंभर आरईंचे 6,400 रुपये आणि 400 शेअरचे 224 रुपयांनी 89,600 रुपये मिळून बरोबर 96,000 होतात. आदल्या दिवशीही 400 शेअर 240 रुपयांनी 96,000 रुपयांचेच होते. पैसे एका खिशातून दुसऱ्या खिशात गेले, खिसे दोन्ही आपलेच आहेत.

अ‍ॅप मात्र दुसरा खिसा दाखवत नाही, आणि घबराट होते ती इथेच. एक्स-राइट्सचा दिवस, आरई डिमॅटला जमा होण्याचा दिवस आणि इश्यू उघडून आरईचा व्यवहार सुरू होण्याचा दिवस हे तिन्ही वेगवेगळे असतात. मधल्या काळात भाव उतरलेला दिसतो, पण आरई एकतर खात्यात दिसत नाही किंवा शून्य किमतीने दिसते. ती जमा झाली का, हे पाहायचे असेल तर अ‍ॅपमधला नफा-तोट्याचा आकडा बाजूला ठेवून डिपॉझिटरीचे होल्डिंग स्टेटमेंट उघडावे. तिथे आपल्या कंपनीच्या नावाची दुसरी ओळ दिसेल आणि तिचा आयसिन, म्हणजे रोख्याचा ओळख क्रमांक, वेगळा असेल. उदाहरणार्थ, रिलायन्स इंडस्ट्रीजच्या साध्या शेअरचा क्रमांक INE002A01018 आहे, तर 2020 च्या राइट्स इश्यूतील आरईचा क्रमांक INE002A20018 होता. मधल्या 01 च्या जागी 20 आले की ती ओळ शेअरची नसून हक्काची आहे, हे ओळखावे.

आता आपल्या 219 रुपयांकडे येऊ. सैद्धांतिक भाव 224 असताना बाजाराने 219 दिला, म्हणजे शेअरमागे 5 रुपये बाजाराने स्वतःच्या मताने कमी केले. इथे बहुतेक जण 400 गुणिले 5 करून 2,000 रुपये तोटा धरतात, पण तो हिशेब थोडा अपुरा आहे. शेअर 5 रुपयांनी घसरला की आरईचे मूल्यही 64 वरून 59 वर येते, कारण 160 रुपये हा आकडा हलत नाही. त्यामुळे आजची आपली खरी स्थिती अशी आहे : 400 शेअर 219 रुपयांनी 87,600 आणि 100 आरई 59 रुपयांनी 5,900, एकूण 93,500. म्हणजे तोटा 2,500 रुपयांचा आहे. अ‍ॅपमधले 8,400 हे फार फुगलेले आहे आणि 2,000 हे थोडे कमी आहे. आपण आर्थिकदृष्ट्या आजही 500 शेअरच्या चढउताराला बांधलेले आहात, म्हणून 500 गुणिले 5.

हे 2,500 रुपये का गेले, याचे उत्तर आकडेमोडीत नाही. 224 या आकड्यामागे एक गृहीतक आहे : कंपनीच्या तिजोरीत आलेल्या प्रत्येक रुपयाची किंमत बाजार एक रुपयाच धरतो. बाजाराला वाटले की हा पैसा चांगल्या कामाला लागणार आहे, तर भाव 224 च्या वर राहतो. जुने कर्ज फेडायला पैसा उभारला आहे आणि धंद्यातली ओढाताण संपलेली नाही असे वाटले, तर भाव खाली जातो. त्याच दिवशी सगळा बाजार पडलेला असेल तर तेही या 5 रुपयांत मिसळलेले असते. शिवाय पुष्कळदा राइट्सची घोषणा झाली त्या दिवशीच भाव पडून गेलेला असतो आणि एक्स-राइट्सच्या दिवशी फक्त यांत्रिक घसरण उरते. म्हणून कंपनीच्या निर्णयाबद्दल बाजाराचे मत जोखायचे असेल, तर घोषणेच्या दिवसापासूनचा भाव पाहावा आणि एक्स-राइट्सच्या दिवशी तुलना 240 शी न करता 224 शी करावी.

«आमचेच पैसे काढून आम्हालाच स्वस्तात शेअर» या आपल्या वाक्यामागे एक समज आहे आणि ती मला फार ठिकाणी भेटते. कुणाला वाटते सवलत म्हणजे बक्षीस, कुणाला वाटते सवलत म्हणजे फसवणूक. दोन्ही खरे नाही. समजा, कंपनीचे आज 4 कोटी शेअर आहेत. 160 रुपयांनी 1 कोटी नवे शेअर विकून ती 160 कोटी रुपये उभे करते. हेच 160 कोटी तिला 40 रुपयांच्या भावाने 1 शेअरमागे 1 असे 4 कोटी नवे शेअर देऊनही उभे करता आले असते. तसे केले असते तर एक जुना 240 चा आणि एक नवा 40 चा मिळून सरासरी 140 रुपये झाली असती. भाव 240 वरून थेट 140 वर आलेला पाहून सांगली-मिरजेत हाहाकार उडाला असता. तरीही आपले 400 शेअर 140 रुपयांनी 56,000 चे आणि 400 आरई प्रत्येकी 100 रुपयांनी 40,000 च्या, असे एकूण 96,000 रुपये तेव्हाही राहिले असते. सवलत कितीही मोठी असो, हक्क सर्व भागधारकांना प्रमाणात मिळतो, त्यामुळे सवलतीने कुणी श्रीमंत होत नाही आणि गरीबही होत नाही.

मात्र एक गोष्ट सवलतीने नक्की बदलते. आरईकडे दुर्लक्ष केले, तर 160 रुपयांच्या इश्यूत आपले 6,400 रुपये बुडाले असते आणि 40 रुपयांच्या इश्यूत 40,000 बुडाले असते. सवलत जितकी खोल, तितके गप्प बसणे महाग. «इश्यू स्वस्त आहे का» हा प्रश्न भागधारकाच्या दृष्टीने जवळजवळ निरर्थक आहे. «माझी आरई किती रुपयांची आहे आणि तिचे मी काय करणार आहे» हाच त्याच्या कामाचा प्रश्न.

म्हणून «काहीच केले नाही तर चालेल का» याचे माझे उत्तर स्पष्टपणे नाही असे आहे. इश्यू बंद होईपर्यंत अर्ज केला नाही आणि आरई विकलीही नाही, तर ती रद्द होते. डिमॅटमधली ती ओळ निघून जाते आणि आपल्या हाती 87,600 रुपयांचे 400 शेअर उरतात. आजच्या भावाने 5,900 रुपये हातचे जातात. हे पैसे हवेत विरत नाहीत, ही त्यातली जास्त लागणारी गोष्ट. आपण न घेतलेले शेअर, ज्यांनी आपल्या हक्कापेक्षा जास्तीची मागणी केली असेल त्यांना 160 रुपयांनाच मिळू शकतात, आणि अशी मागणी करणाऱ्यांत बऱ्याच वेळा प्रवर्तकही असतात. त्यांना 219 ची वस्तू 160 ला मिळते, आणि मधला फरक आपला असतो. ब्रिटनमधल्या राइट्स इश्यूत न उचललेले शेअर बाजारात विकून वरची रक्कम त्या गाफील भागधारकांना देण्याची पद्धत आहे. आपल्याकडे तशी सोय नाही. मालकीचा वाटाही घटतो : 4 कोटींत 400 असलेले आपण 5 कोटींत 400 होता, म्हणजे लाभांश आणि मतदान या दोन्हींतला आपला हिस्सा एक पंचमांशाने कमी होतो. आरई विकली तरी हा वाटा घटतोच, पण तेव्हा त्याचा मोबदला हातात आलेला असतो.

आता 16,000 रुपये हाताशी नाहीत, या आपल्या खऱ्या अडचणीकडे येतो. आपल्यापुढे तीन मार्ग आहेत. कोणता बरोबर, हे आपला त्या कंपनीवर किती विश्वास आहे, एकूण गुंतवणुकीत तिचा वाटा किती आहे आणि बाजारात आरईला प्रत्यक्षात काय भाव मिळतो, यावर अवलंबून राहील. या तीनपैकी पहिल्या दोन गोष्टी मला माहीत नाहीत, म्हणून हिशेब मांडून देतो.

पहिला मार्ग सर्वांत सोपा : सगळ्या 100 आरई बाजारात विकणे. भाव सैद्धांतिक मूल्याइतका, म्हणजे 59 रुपये मिळाला, तर 5,900 रुपये हातात येतात आणि 400 शेअर जसेच्या तसे राहतात. कंपनीत आणखी पैसे घालायचे नाहीत, असे ठरले असेल तर हा मार्ग योग्य.

दुसरा मार्ग असा की, काही आरई विकून त्याच पैशातून उरलेल्या आरईंवर अर्ज करायचा, खिशातून काही घालायचे नाही. 74 आरई 59 रुपयांनी विकल्या की 4,366 रुपये येतात. उरलेल्या 26 आरईंसाठी 4,160 रुपये लागतात आणि 206 रुपये शिल्लक राहतात. शेवटी 426 शेअर आणि 206 रुपये, म्हणजे पुन्हा 93,500. कागदावर हे फार सुबक दिसते.

प्रत्यक्षात आरई बहुधा सैद्धांतिक मूल्याच्या खाली विकली जाते. त्यामागे कारणे आहेत. आरई विकत घेणाऱ्याला वर 160 रुपये भरावे लागतात, नवा शेअर खात्यात येईपर्यंत ते पैसे अडकून पडतात आणि तोपर्यंत शेअर घसरला तर तोटा त्याचाच. शिवाय आरईची खरेदी-विक्री प्रत्यक्ष देवघेवीच्या अटीवरच होते, सकाळी घेऊन संध्याकाळी विकता येत नाही, त्यामुळे घेणारे मोजकेच असतात. समजा, आपल्या आरईला 52 रुपयेच भाव आहे. मग दुसऱ्या मार्गाने 76 आरई विकून 3,952 रुपये येतील, 24 शेअरसाठी 3,840 भरता येतील आणि शेवटी 424 शेअर व 112 रुपये, म्हणजे 92,968 रुपये हाती राहतील. सुमारे 532 रुपये आरई घेणाऱ्याला देऊन बसाल.

अशा वेळी तिसरा मार्ग पाहावा, आणि तो लोकांना सहसा सुचत नाही : आरई विकायची नाही, थोडे जुने शेअर विकायचे. 74 जुने शेअर 219 रुपयांनी विकले की 16,206 रुपये येतात. त्यातून 100 शेअरचे 16,000 रुपये भरायचे. 400 मधून 74 गेले, 100 नवे आले, राहिले 426, आणि 206 रुपये शिल्लक. दुसऱ्या मार्गात आरईला पूर्ण 59 रुपये भाव मिळाला असता तर आपण जिथे पोचला असता, तिथेच हा मार्ग पोचवतो, तोही आरईवरची घट न सोसता. आरई स्वस्त विकली जात असेल, तर ती वापरणे हाच तिचा पूर्ण मोबदला घेण्याचा मार्ग.

या तिसऱ्या मार्गाच्या मर्यादाही सांगायला हव्यात. जुने शेअर आज विकले आणि नवे काही दिवसांनी आले, तर मधल्या काळात आपल्या खात्यात नेहमीपेक्षा कमी शेअर असतात, नवे हाती येईपर्यंत ते विकता येत नाहीत. विकलेल्या जुन्या शेअरवर नफा असेल तर त्यावर भांडवली नफ्याचा कर लागू होतो, आणि तो किती हे त्या शेअरची खरेदी किंमत व धारणकाळ यांवर ठरते. दलालीचा खर्च आहेच. आरईचा भाव सैद्धांतिक मूल्यापेक्षा एखाद-दोन रुपयांनीच खाली असेल, तर एवढ्या छोट्या रकमेसाठी हा द्राविडी प्राणायाम करू नये, सरळ आरई विकावी. फरक सहा-सात रुपयांच्या पुढे गेला की तिसरा मार्ग विचारात घेण्यासारखा होतो. बाजारभाव सैद्धांतिक मूल्याच्या वर असेल, तर उलट आरई विकणेच फायद्याचे, आणि शेअर हवेच असतील तर ते बाजारातून घ्यावेत.

एक शक्यता राहिली. इश्यू बंद होण्यापूर्वी शेअरचा बाजारभाव 160 च्या खाली गेला, तर आरईला अर्थ उरत नाही. जी वस्तू बाजारात 155 ला मिळते ती 160 ला घेण्याचा हक्क वापरू नये, आणि तेव्हा आरई रद्द होऊ देण्यात काहीही नुकसान नाही. म्हणूनच अर्ज पहिल्या दिवशी घाईने करण्यापेक्षा भाव पाहत शेवटच्या टप्प्यात करणे मला श्रेयस्कर वाटते, मात्र अगदी शेवटच्या दिवसापर्यंत ताणू नये. त्याचे कारण पुढे येते.

आरई विकण्याची मुदत आणि अर्ज करण्याची मुदत एकच नसते. आरईचा बाजारातला व्यवहार इश्यू बंद होण्याच्या काही कामकाजाचे दिवस आधीच थांबतो, कारण विकत घेणाऱ्याच्या खात्यात ती पोचून त्याला अर्ज करायला वेळ मिळायला हवा. आरई डिमॅटमध्ये जमा होऊन शेअर बाजारात विकली जाण्याची पद्धत सेबीने 2020 मध्ये आणली आणि रिलायन्सचा 15 शेअरमागे 1 असा 1,257 रुपयांचा इश्यू त्या पद्धतीच्या पहिल्या मोठ्या इश्यूंपैकी होता. तो 20 मे 2020 ला उघडला आणि 3 जूनला बंद झाला, पण आरईचा व्यवहार 29 मेलाच संपला. ज्यांनी «3 जूनपर्यंत वेळ आहे» असे धरून विक्री लांबवली, त्यांच्यापुढे पैसे भरणे किंवा हक्क सोडणे एवढेच पर्याय उरले. इश्यूच्या माहितीपत्रकात, म्हणजे लेटर ऑफ ऑफरमध्ये, या दोन्ही तारखा शेजारी-शेजारी छापलेल्या असतात. आपल्या इश्यूच्या तारखा आजच वहीत लिहून ठेवा, आणि तिसऱ्या मार्गाने जायचे असेल तर जुन्या शेअरचे पैसे खात्यात यायला लागणारा वेळही त्यात धरा.

दुसरी अडचण आपल्या भागात विशेष जाणवते, ती म्हणजे बँक खाते. राइट्सचा अर्ज आस्बा पद्धतीने करायचा असतो, म्हणजे रक्कम आपल्याच खात्यात अडवून ठेवली जाते आणि शेअर मिळाल्यावरच वळती होते. ही सेवा सेबीच्या यादीत असलेल्या बँकाच देऊ शकतात. सांगली-सातारा जिल्ह्यांत कितीतरी लोकांचे मुख्य खाते सहकारी बँकेत किंवा पतसंस्थेत असते, आणि तिथे आस्बा मिळेलच असे नाही. तासगावकडचे एक निवृत्त शिक्षक इश्यू बंद होण्याच्या दिवशी दुपारी आपल्या बँकेत अर्ज घेऊन गेले. काउंटरवर त्यांना सांगितले गेले की, हे काम इथे होत नाही. दुसऱ्या बँकेत खाते होते, पण त्यात पैसे नव्हते, आणि पैसे फिरवेपर्यंत वेळ संपली. आरई विकण्याची मुदत तर आधीच गेलेली होती. त्यांचा कंपनीबद्दलचा निर्णय बरोबर होता, हिशेबही बरोबर होता, बँक कोणती हे फक्त आधी पाहिले नव्हते. आयपीओला जसा मोबाइलवरून यूपीआयने अर्ज करता येतो, तसा इथेही होईल असे गृहीत धरू नका. आस्बा देणारे खाते कोणते, त्यात रक्कम आहे का, आणि नेटबँकिंगमध्ये राइट्सचा पर्याय दिसतो का, हे इश्यू उघडतानाच पाहावे.

आपले शेअर डिमॅटमध्येच आहेत असे आपल्या लिहिण्यावरून वाटते. घरात वडिलांच्या नावाने कागदी प्रमाणपत्रे असतील, तर त्यांच्या आरई थेट जमा होत नाहीत, त्या एका वेगळ्या खात्यात ठेवल्या जातात. डिमॅटचा तपशील इश्यू बंद होण्याच्या आधी, ठरलेल्या मुदतीत, रजिस्ट्रारकडे पोचला नाही तर त्याही रद्द होतात. एकूण शेअर चारच्या पटीत नसतील तर अपूर्णांक सोडून दिला जातो, म्हणजे 403 शेअरनाही 100 च आरई मिळतात. जास्तीच्या शेअरसाठी अर्ज करता येतो, पण त्यासाठी आपल्या सगळ्या आरई स्वतः वापराव्या लागतात. थोड्या विकल्या असतील तर ती मागणी साधारणपणे ग्राह्य धरली जात नाही, म्हणून दुसरा मार्ग आणि जास्तीची मागणी यांची सांगड घालू नये.

बाजारात आरईला 52 रुपये भाव पाहून «219 चा शेअर 52 ला मिळतोय» असे समजून ती विकत घेणारेही भेटतात. 52 रुपये हा फक्त हक्काचा भाव आहे, वर 160 भरले नाहीत तर ते 52 रुपये पूर्ण बुडतात. आपण विकणारे आहात, त्यामुळे ही चूक आपल्याकडून होणार नाही, पण घरात दुसरे कुणी खाते चालवत असेल तर त्यांना सांगून ठेवा.

पैसे भरावेत का, याबद्दल माझे मत विचाराल तर मी लेटर ऑफ ऑफरमधल्या दोन गोष्टी पाहतो. पैशाचा विनियोग कशासाठी होणार आहे, हे «इश्यूचे उद्देश» या प्रकरणात रकमांसह दिलेले असते. त्यात नवा कारखाना किंवा क्षमतावाढ किती आणि «सर्वसाधारण कामकाज» या मोघम शीर्षकाखाली किती, हे पाहावे. दुसरे म्हणजे, प्रवर्तक स्वतःचा पूर्ण हक्क वापरणार आहेत का. ज्यांना कंपनी आतून माहीत आहे, तेच आपला हक्क सोडत असतील, तर मी तरी तिथे थांबून विचार करतो. मात्र या दोन्ही गोष्टी नव्याने 16,000 रुपये गुंतवण्याबद्दल आहेत. आरई विकून तिचे मूल्य पदरात पाडून घेण्याचा निर्णय कंपनी चांगली की वाईट यावर अवलंबून नाही, ते दोन्ही बाबतींत करायलाच हवे.

शेवटी कराची नोंद, कारण मार्च महिन्यात याच कागदावरून शोधाशोध होते. मूळ भागधारकाने आरई विकली, तर तिची खरेदी किंमत शून्य धरली जाते, म्हणजे मिळालेली सगळी रक्कम अल्पकालीन भांडवली नफा ठरते. मूळ 400 शेअरची खरेदी किंमत यामुळे कमी होत नाही, ती पूर्वीचीच राहते. अर्ज करून मिळालेल्या नव्या शेअरची खरेदी किंमत 160 रुपये आणि धारणकाळ शेअर वाटपाच्या तारखेपासून, जुन्या शेअरच्या तारखेपासून नव्हे. म्हणून नवे 100 शेअर जुन्या 400 मध्ये मिसळून गेले, तरी आपल्या वहीत त्यांची ओळ वेगळी ठेवा, आणि आरईच्या विक्रीची काँट्रॅक्ट नोट जपून ठेवा, कारण पुढच्या महिन्यांत आरईचा आयसिन क्रमांक रद्द होतो आणि बऱ्याच अ‍ॅपमधून तो व्यवहार सहज सापडत नाही.